धुतल्यावरचं माप

शामला भोयरच्या हातून घेतलेला ब्लाऊज धुतल्यावर आटत नाही, असं धरमपेठेतल्या बायका म्हणायच्या. तो आटायचाच. सुती कापड ते, पहिल्या पाण्यात आटल्याशिवाय राहत नाही. पण शामलानं दिलेला ब्लाऊज आटून नेमका अंगाच्या मापाला यायचा. त्यामुळे घालणारीला वाटायचं, काही झालंच नाही.

लक्ष्मीभुवन चौकातून आत वळलं की डाव्या हाताला ते दुकान आहे. तयार सुती ब्लाऊज आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कुर्त्या, एवढाच माल. मालकाला सगळे भैयाजी म्हणतात. शामला कामठीहून शेअर ऑटोनं येते, आल्यावर पदर खोचते आणि ऑटोतली बोली बाहेरच्या पायरीवर ठेवून आत शिरते. ऑटोत ती ‘मले’, ‘तुले’ म्हणते. काउंटरमागे उभी राहिली की ‘मला’, ‘तुम्हाला’ आणि ‘ताई’. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आलेल्या बायका कशा बोलतात ते ऐकत ऐकत तिनं आपली जीभ तशी करून घेतली.

सुरुवातीच्या काळात परत आलेले ब्लाऊज तिनं पुष्कळ पाहिले. दुकानात घालून पाहिला तेव्हा चपखल बसलेला, आणि घरी एकदा धुतल्यावर हुक लागत नाहीत म्हणून रागानं काउंटरवर टाकलेला. भैयाजी त्या बाईंना समजवायचे, शामला तो ब्लाऊज उचलून नव्या ब्लाऊजशेजारी ठेवायची. चाळीसचा ब्लाऊज अडतीसच्या जवळ येऊन बसलेला असायचा. उंचीला तर आणखीच. उभ्या धाग्यात कापड जास्त आटतं हे तिला असं शेजारी ठेवून ठेवूनच कळलं. बगलेखाली आतल्या बाजूला माया असते, म्हणजे शिलाईत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. ती उसवली की छातीला आणि कमरेला इंच-दीड इंच मिळतो. पण उंचीला माया ठेवलेली नसते, आणि मुंढ्याला, जिथे बाही खांद्याला जोडलेली असते तिथे, तर नसतेच. तिथे आटलं की आटलं.

मग ती गिऱ्हाइकाला सांगू लागली, “ताई, हे आजचं माप झालं. तुम्ही धुतल्यावरचं घ्या.” म्हणजे एक माप मोठं. आणि घालून पाहताना बाहीत दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत. पहिलं धुणं झालं की एकच सरकेल.

भैयाजी कुरकुरायचे. “शामलाबाई, मोठं माप म्हटलं की बाईचं तोंड उतरतं हो. त्यांना वाटतं आपण त्यांना जाड म्हणून राहिलो.”

“आज उतरलेलं बरं, भैयाजी. धुतल्यावर उतरलं तर ते आपल्याकडे घेऊन येतात.”

जो माल धुऊनच शिवलेला यायचा त्याला हे लागू नव्हतं. तो ती चिमटीत धरून ओळखायची, तरी मानेमागची छापील पट्टी उलटून खात्री करायची. बाकी कोणाला सांगायचं ती कधी चुकली नाही. कॉलेजातल्या पोरी असोत, मोटारीतून उतरणाऱ्या बायका असोत, की शेजारच्या दवाखान्यात पोछा मारणारी मावशी. शामलाला या गोष्टीचा अभिमान होता. फार नाही, पण होता. दिवसभर उभं राहून दुखणाऱ्या पायांना पुरेल एवढा.

मनकर्णाबाई तिची मोठी नणंद. रामटेकजवळच्या गावात दिलेली, धानाची शेती, रोवणीला आजही स्वतः चिखलात उतरणारी. शामला लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती. पहिल्या बाळंतपणात मनकर्णाबाई कामठीला येऊन राहिल्या, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, शामलाला डिंकाचे लाडू करून खाऊ घातले. शामलाचा नवरा जितेंद्र त्यांना घाबरायचा. शामला घाबरत नव्हती. त्यांच्या जवळ बसलं की तिला बरं वाटायचं. हे सगळं कामठीत, घरात.

मनकर्णाबाईंची मुलगी मयुरा हिचं लग्न ठरलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गावीच होणार होता. तेव्हा मनकर्णाबाई पहिल्यांदा धरमपेठेत दुकानात आल्या.

शनिवारची दुपार होती आणि दुकान भरलेलं होतं. मेघाताई म्हणून एक जुन्या गिऱ्हाईक नेहमीच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि शामला त्यांना कलमकारी दाखवत होती. इतक्यात दारातून हाक आली. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचते तसल्या आवाजात.

“शामला वं! हाय का नाई अंदर?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मनकर्णाबाईंनी चपला दारातच काढल्या, डोक्यावरची पिशवी खाली घेतली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. “नवा तांदूळ हाय. तुयासाठी आनला. ऑटोवाला म्हने, आजी डोक्यावर काहून, खाली ठेवा. मी म्हनलं, खाली ठेवाले लोकायचे पाय हायेत ना.”

कोणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं. पण शामलाच्या कानाला ते लागलं. तिनं पिशवी झटकन उचलून खाली पायाशी ठेवली.

“या बाई, बसा,” ती म्हणाली. तिच्या दुकानातल्या आवाजात. मनकर्णाबाईंनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“बसाले नाई आली. ब्लाऊज घ्याले आली. आमचा शिंपी गेला पोराकडं पुन्याले. आता तयारच घ्यावं लागते. मयुरा म्हने, मामीकडंच जाय, मामीइतलं कोनाले समजत नाई.”

आणि त्या मालाला हात लावू लागल्या. रॅकवरचा प्रत्येक ब्लाऊज त्यांनी ओढून पाहिला, आतून पाहिला, टाके मोजावेत तसं बोट फिरवलं. रोवणीनं भेगाळलेल्या बोटांत एका जरीच्या काठाचा धागा अडकला तर तो दातानं तोडला. निळ्यावर लाल ठशांचा एक ब्लाऊज त्यांना आवडला. त्याचा कोपरा त्यांनी जिभेला लावून ओला केला आणि दोन बोटांत चोळला.

“रंग जाते का पाहून राहिली,” त्या समोरच्या अनोळखी बाईला म्हणाल्या. ती बाई जरा मागे सरकली.

भैयाजींनी गल्ल्यावरून शामलाकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. शामला पुढे झाली.

“बाई, मी दाखवते ना. तुम्ही हात नका लावू.”

“अस्सं?” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि हात मागे घेतला. पण पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला. “हाच दे. आन तुयासाठी बी हाच घे. साक्षगंधाले आपन दोघी एकसारखं घालू. लोक म्हनतीन, भावजय नाई, बहीनच हाय.”

शामलानं टेप लावायला हवी होती. ती प्रत्येकीला लावते. तिनं लावली नाही. नजरेनं चाळीस म्हणाली, रॅकवरून चाळीसचा ओढला आणि त्यांना पडद्याआड ढकललंच म्हणायचं. बेचाळीसचा वर माळ्यावर होता. शिडी लावायची, खोके उतरवायचे, तोवर मनकर्णाबाई इथे, या सगळ्यांमध्ये. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. शब्दांत नाही, पण आलं.

पडदा फारसा जाड नव्हता. आतून हुक लावतानाचा श्वास ऐकू येत होता.

मेघाताईंनी हसून विचारलं, “छान आहेत हो. तुमच्या घरच्या का?”

“नाही,” शामला म्हणाली. “गावाकडच्या आहेत. ओळखीच्या. नातं लावून बोलतात.”

पडदा सरला. मनकर्णाबाई बाहेर आल्या, पदर खांद्यावर टाकलेला, दोन्ही हात जरा वर केलेले. ब्लाऊज अंगावर अगदी बरोबर बसला होता. बाही दंडाला लागून. बोट सोडा, काडीही सरकली नसती.

“बसला वं!” त्या म्हणाल्या.

“बरोबर बसला,” शामला म्हणाली. “काढा, बांधून देते.”

स्वतःसाठी तिनं रॅककडे न पाहताच हात घातला आणि एक उचलला. संध्याकाळी ऑटोत गर्दी कमी झाल्यावर तिनं पुडकं उघडून पाहिलं. अडतीस. तिला छत्तीस लागतो. घाईत, लाज वाटत असताना, डोकं ठिकाणावर नसतानाही तिच्या हातानं स्वतःसाठी धुतल्यावरचं माप घेतलं होतं.

गावी फोन करून सांगता आलं असतं. बदलून देते म्हणायचं. पण मग बाईंनी विचारलं असतं, तेव्हाच काहून नाई सांगितलं वं? उद्या करू, असं ती म्हणत राहिली. मग असंही म्हणू लागली, की बाई थंड पाण्यातूनच काढतील, फार नाही आटणार. आणि माया आहेच. हे ती स्वतःला ज्या स्वरात सांगत होती तो तिच्या ओळखीचा होता. न खपणारा माल गळ्यात मारताना दुसरे दुकानदार त्या स्वरात बोलतात.

मनकर्णाबाईंकडे सुती कापड घरात आलं की आधी पाण्यातून काढायचं, अशी पिढ्यांची रीत. कढत पाण्यात रात्रभर बुडवायचं, पिळून वाळवायचं, मग शिंप्याकडे द्यायचं. कापड जेवढं आटायचं तेवढं शिवण्याआधीच आटून जायचं. म्हणून आयुष्यात त्यांचा एकही ब्लाऊज नंतर आखडला नव्हता. शिवलेलं कापड आटतं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी तयार ब्लाऊजही त्याच रीतीनं काढला. दुकानातलं कापड, शंभर जणींचे हात लागलेलं, म्हणून पाणी चुलीवर चांगलं खळखळवलं.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी शामला आणि जितेंद्र गावी पोचले तेव्हा अंगणात मांडव पडला होता, मनोहरराव, म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होते. शामलाच्या अंगात तोच निळा ब्लाऊज होता. तिनं तो घरी थंड पाण्यातून काढून सावलीत वाळवला होता. आता तो अंगावर असा बसला होता, जणू मापावर शिवला.

आतल्या खोलीतून मयुराचा आवाज आला. “मामी, इकडे ये ना जरा. आईचं पाहा.”

मनकर्णाबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. बाह्या कशाबशा चढल्या होत्या, दंडाचं मांस बाहीच्या काठाखालून फुगून आलं होतं. समोरच्या हुकांमध्ये दोन बोटांचं अंतर. खाली पोटाची एक पट्टी उघडी पडली होती.

“पाह्य वं,” त्या हसल्या. “उन्हाळी धानाच्या रोवनीत एवढं राबली, तरी फुगली.”

“धुतला होता का?” शामलानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“मंग? चांगला कढत पान्यातून काढला.”

शामलानं सुई मागितली. ब्लाऊज काढून मांडीवर घेतला, बगलेखालची शिलाई उसवली, दोन्हीकडची माया सोडून पुन्हा हातानं टाके घातले. हुक लागले. उंचीचं काही करता येत नव्हतं, पदर लपवील. मुंढा मात्र तसाच राहिला, ताणलेला, शिलाईच्या रेघेवर कापड पांढरं पडलेलं.

“चालेल आता,” ती म्हणाली. “हात जरा सांभाळून.”

“चालन. तू हायेस म्हनून झालं.” मनकर्णाबाई मयुराकडे वळल्या. “पाह्य, मामी आली आन झालं.”

मयुरा शामलाच्या ब्लाऊजकडे पाहत होती. कॉलेजात असताना तिच्या सगळ्या कुर्त्या शामलानंच घेऊन दिल्या होत्या. बाहीत दोन बोटं घालून पाहायचं तिला शामलानंच शिकवलं होतं.

पाहुणे आले. मुलाची आई कामिनीबाई, तिच्या दोन जावा, मागे बरीच मंडळी. मुलाला पाटावर बसवलं. मनकर्णाबाई ताट घेऊन पुढे झाल्या. उन्हाळ्याचा दिवस, आणि त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता. कपाळावर घाम. टिळा लावला, अक्षता लावल्या, मग ओवाळायला ताट उचललं. कोपर खांद्याच्या वर गेलं आणि कापड फाटल्याचा आवाज आला.

मोठा नव्हता. पण सनईची सीडी नेमकी तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये थांबलेली होती.

उजव्या मुंढ्यापासून पाठीपर्यंत शिलाईला लागून कापड फाटलं होतं. पदर घसरला तशी ती फट सगळ्यांना दिसली.

“अव्वा,” कामिनीबाईंची एक जाऊ म्हणाली, “विहीनबाईनं पोरीचा ब्लाऊज घातला का काय?”

“मयुराचा नाई, नातीचा असन!” दुसरी म्हणाली. बायका हसल्या. कामिनीबाईंनी दोघींना डोळ्यांनी गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांच्या कडा हलल्या होत्या.

“भावजय तर ब्लाऊजच्याच दुकानात हाय म्हने,” मागून कोणीतरी म्हणालं.

“तिचा काय दोष?” मनकर्णाबाई लगेच वळल्या. “तिनं तर नेमका दिला होता. दुकानात बसला बी. माह्येच दंड मुसळासारके, त्याले कापड काय करन?” आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या, म्हणजे इतरांना हसायला जागा उरू नये.

शामलानं आपला पदर ओढून दोन्ही खांद्यांवर घेतला. अंगावरचा तो नीट बसलेला ब्लाऊज तिला झाकायचा होता. पण मनकर्णाबाई ताट घेऊन तिच्याचकडे आल्या. फाटलेला हात त्यांनी अंगाला दाबून धरला होता.

“तू ओवाळ वं. तुया ब्लाऊज चांगला बसला हाय.”

“बाई, मी नको...”

“घे म्हनते ना. पोरगा किती येळ बसन?”

तिला ताट घ्यावं लागलं. ओवाळायला दोन्ही हात वर करावे लागले, आणि पदर खांद्यावरून खाली आला. बाही दंडावर सैलसर हलली, मुंढा कुठेही ओढला नाही, कंबर झाकलेलीच राहिली. साऱ्या मांडवानं ते पाहिलं. एकाच कापडाचे, एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले दोन ब्लाऊज. निरांजनाची ज्योत मुलाच्या चेहऱ्यासमोरून फिरत होती आणि शामलाला वाटत होतं, तिचं दुकानातलं ते ‘नाही’ इथे सगळ्यांना ऐकू गेलं आहे.

दुपारी पंगती उठल्यावर मयुरा आतल्या खोलीत आली. शामला फाटका ब्लाऊज मांडीवर घेऊन बसली होती. मनकर्णाबाईंनी जुना पांढरा घातला होता आणि त्या बाहेर पाहुण्यांना सुपारी देत होत्या.

मयुरानं ब्लाऊजची पट्टी उलटली. चाळीस. मग शामलाच्या मानेमागे बोट घालून तिच्या ब्लाऊजची पट्टी बाहेर ओढली.

“मामी, तुले छत्तीस लागते ना?”

शामलानं मान हलवली.

“मंग आईले काहून नाई सांगितलं?”

“माळ्यावर होता बेचाळीसचा,” शामला म्हणाली.

हे खरं होतं. आणि बोलता क्षणीच तिला कळलं, की यापेक्षा काहीच न बोललेलं बरं होतं. मयुरा रागावली असती तर शामलाला सोपं गेलं असतं. तिनं फक्त पट्टी परत आत घातली, मानेवरचे केस नीट केले आणि बाहेर गेली.

फाटका ब्लाऊज शामलानं पिशवीत घालून कामठीला आणला. आपला निळा ब्लाऊज उसवायला तिला फार वेळ लागला नाही. त्याच्या पाठीतून तिनं पतंगाच्या आकाराचे दोन तुकडे कापले आणि मनकर्णाबाईंच्या ब्लाऊजला बगलेत कळ्या लावल्या. खाली कमरेलाही एक पट्टी जोडली. नव्या कापडाचा तुकडा चालला नसता. तो पुढच्या धुण्यात आटला असता आणि शिलाई पुन्हा ओढली गेली असती. तिचं कापड धुतलेलं होतं, आटायचं तेवढं आटून झालेलं. ठसेही जुळले. बाहेरून कळलं नसतं. आतून मात्र जोड स्पष्ट दिसत होते.

तो ब्लाऊज जितेंद्रच्या हाती गावी पोचला. फोन आला. “लय चांगला केला वं. हात वर जाते आता.” एवढंच. शामला फोन धरून उभी राहिली. बाई, मी मुद्दाम, असं तिनं सुरू केलं. पण मनकर्णाबाई म्हणाल्या, “जाऊ दे ना वं, गाय हंबरून राहिली,” आणि फोन ठेवला.

लग्नाच्या खरेदीसाठी मायलेकी पुन्हा नागपुरात आल्या. मयुरा एकटीच दुकानात शिरली.

“आई कुठं हाय?” शामलानं विचारलं. काउंटरमागे उभी असूनही ‘हाय’ म्हणाली, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“बाहेर. येत नाई म्हने.”

रस्त्याच्या पलीकडे, नारळपाणीवाल्याच्या गाडीजवळच्या सावलीत मनकर्णाबाई उकिडव्या बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. शामला गिऱ्हाईक तसंच सोडून रस्ता ओलांडून गेली.

“बाई, आत चला.”

“मी अथीच बरी हाय. मयुराले काय पायजे ते दे. तू तुयं काम कर.”

“चला ना वं बाई.”

“नाई. मी आली की तुले घाई होते.”

त्या रागानं बोलल्या नाहीत. बाहेर बसून राहण्याचं कारण सांगावं, इतक्याच सहज बोलल्या. शामलाला पडद्यामागचा तो हुक लावतानाचा श्वास आठवला. तो मध्येच थांबला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, हुक अडकला.

म्हणजे सगळं ऐकून त्या बाहेर आल्या होत्या आणि हात वर करून म्हणाल्या होत्या, बसला वं. आणि मांडवात सगळ्यांसमोर, तिचा काय दोष.

शामला तिथेच, त्यांच्यासमोर, रस्त्याच्या कडेला खाली बसली. नारळवाला पाहू लागला. “चूक झाली बाई,” ती म्हणाली. “ब्लाऊजची नाई. म्हनजे ब्लाऊजची बी.”

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळवली. “ऊठ. मालक पाहून राहिला असन.”

“पाहू दे.”

शेवटी मनकर्णाबाईच उठल्या. शामलाला उठवण्यासाठी उठल्या, असंच ते होतं.

दुकानात भैयाजींनी मान वर केली. स्टुलावर एक बाई कुर्ती पाहत होत्या. शामला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “भैयाजी, ह्या माझ्या नणंदबाई. मोठ्या. रामटेकहून आल्यात.” भैयाजींनी हात जोडले, खुर्ची पुढे केली. कोणीच काही विशेष केलं नाही. हे एवढंच होतं, आणि एवढंच त्या दिवशीही करता आलं असतं.

शामलानं शिडी लावली. माळ्यावरचे खोके उतरवले, बेचाळीसचे सगळे रंग मनकर्णाबाईंपुढे मांडले. हिरवा, मरून, हळदीसारखा पिवळा. टेप घेऊन त्यांचा दंड मोजला, छाती मोजली, उंची मोजली.

मनकर्णाबाई खुर्चीच्या टोकाशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर, बोटं एकमेकांत घातलेली.

“पाहा ना बाई, हात लावून पाहा. रंग पाहा.”

“तू दाखवते ना,” त्या म्हणाल्या. “चांगलेच असतीन.”

त्यांनी एकाही कापडाला हात लावला नाही. मयुरानं मरून निवडला. मनकर्णाबाईंनी तो पडद्याआड जाऊन घातला, आणि बाहेर न येता पडद्याच्या फटीतूनच म्हणाल्या, “पाह्य, जमते का.”

शामला आत गेली. पडदा ओढून घेतला. ब्लाऊज अंगावर सैल होता, आज जसा असायला हवा तसा. तिनं बाहीत दोन बोटं घातली. ती आरामात सरकली, आणि बोटांच्या टोकाला मनकर्णाबाईंच्या दंडाची ऊब लागली. शामलानं बोटं तिथेच ठेवली.

“ढिला हाय वं,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“धुतल्यावर बसन,” शामला म्हणाली.